पॅकिंगच्या टेबलावर बारकोडने ऑर्डर तपासायची ती कशी

प्रश्न: आमचा सांगलीला मसाल्यांचा आणि कोरड्या चटण्यांचा छोटा व्यवसाय आहे. ३४ प्रकारच्या पुड्या आहेत, रोज दीडशे-पावणेदोनशे पार्सलं जातात. कुरिअरची लेबलं सकाळीच एकदम छापून घेतो. दोन महिन्यांपूर्वी स्कॅनर आणि सॉफ्टवेअर घेतलं, तरी चुकीची किंवा कमी पुडी गेल्याच्या तक्रारी आठवड्याला पाच-सहा येतातच. मुली प्रत्येक वस्तू स्कॅन करतात, मी स्वतः उभं राहून पाहिलंय. मग चूक होते कुठे?

उत्तर:

आधी एक गोष्ट करून बघा. सॉफ्टवेअरमध्ये कुठलीही एक ऑर्डर उघडा, टेबलाकडे पाठ करून उभ्या राहा आणि एखाद्या मुलीला त्या ऑर्डरमध्ये नसलेली पुडी मुद्दाम स्कॅन करायला सांगा. नुसत्या आवाजावरून तुम्हाला चूक कळली का? बहुतेक कळणार नाही. बरोबर पुडीला जो ‘पीप’ वाजतो तोच चुकीच्या पुडीलाही वाजला असेल.

कारण तो पीप स्कॅनरचा स्वतःचा असतो. ‘मला कोड वाचता आला’ एवढंच तो सांगतो. तो कोड या ऑर्डरमध्ये आहे की नाही, हे स्कॅनरला माहीतच नसतं. ते ठरतं कॉम्प्युटरमध्ये, नंतर, आणि त्याचं उत्तर येतं पडद्यावर. पण पॅकिंग करणारी मुलगी पडद्याकडे कशाला बघेल? तिचे डोळे हातातल्या पुडीवर, खोक्यावर, टेपवर असतात. दिवसाला हजारेक पीप ऐकले की हात त्या आवाजावरच चालतो. पीप आला, पुडी खोक्यात गेली. पडद्यावर लाल पट्टी येऊन गेलेली असते, ती कोणीच पाहिलेली नसते. मी भिवंडीच्या गोदामांत १४ वर्षं पॅकिंगचं काम पाहिलं आणि आता लहान व्यवसायांना टेबल लावून देतो. ‘स्कॅन करतो तरी चुका होतात’ म्हणून बोलावणं आलं की पहिली तपासणी हीच करतो, आणि निम्म्या ठिकाणी घोटाळा इथेच सापडतो.

यावरचा उपाय सोपा आहे. स्कॅनरसोबत जी पुस्तिका येते तिच्यात सेटिंग बदलायचे बारकोड छापलेले असतात. त्यातला कोड वाचल्यावर वाजणारा आवाज बंद करणारा, निदान अगदी बारीक करणारा, बारकोड स्कॅन करा. मग कॉम्प्युटरला दोन-चारशे रुपयांचे स्पीकर जोडा आणि आवाज सॉफ्टवेअरकडून वाजू द्या. वस्तू जुळली तर एक छोटा टिंग, नाही जुळली तर लांब, जाड, कानाला खटकणारा भोंगा. दोन्ही आवाज इतके वेगळे हवेत की मिक्सर चालू असताना, पंख्याखाली, गप्पा चालू असतानाही फरक कळावा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची सोय आहे का ते बघा. नसेल तर कंपनीला मागा, हे त्यांच्यासाठी मोठं काम नाही.

याच्याच मागे आणखी एक चोरवाट असते, ती नीट समजून घ्या. टेबलावरचे स्कॅनर बहुतेक वेळा कॉम्प्युटरला कीबोर्ड म्हणूनच जोडलेले असतात. स्कॅन मारला की स्कॅनर तेरा अंक ‘टाइप’ करतो आणि शेवटी एंटर दाबतो. आता चुकीची पुडी स्कॅन झाली आणि पडद्यावर ‘वस्तू जुळत नाही, ओके’ अशी चौकट आली असं धरा. मुलीने ती पाहिली नाही आणि पुढची पुडी स्कॅन केली. त्या दुसऱ्या स्कॅनच्या शेवटी आलेल्या एंटरने चौकटीतलं ओके दाबलं गेलं आणि इशारा आपोआप पुसला गेला. आधीची चुकीची पुडी खोक्यात, आणि ही दुसरी पुडी मोजलीच गेली नाही. ती मोजली नाही म्हणून ऑर्डर अपुरी दिसते, मग मुलगी कुठलीतरी पुडी पुन्हा स्कॅन करून आकडा पुरा करते. बाहेरून बघणाऱ्याला सगळं ठीकच दिसतं. म्हणून चुकीची सूचना एंटरने जाता कामा नये. मी टेबलाच्या कडेला एक वेगळा बारकोड चिकटवतो, त्याच्याखाली ठळक अक्षरांत लिहितो ‘चुकीची पुडी बाजूला काढली’. तो स्कॅन केल्याशिवाय पडदा पुढे सरकत नाही. हात थांबतो, पुडी खरोखर बाजूला जाते.

कीबोर्डच्याच नादाने दोन बारीकशा गोष्टी. स्कॅनर जिथे कर्सर असेल तिथे अंक टाकतो. मधेच कोणी व्हॉट्सअॅप वेब उघडलं तर पुढच्या चार पुड्यांचे कोड एखाद्या गिऱ्हाइकाच्या चॅटमध्ये जातात. पॅकिंगच्या कॉम्प्युटरवर फक्त पॅकिंगचा पडदा असू द्या, गप्पा आणि बिलं दुसरीकडे. आणि तुम्ही त्याच कॉम्प्युटरवर मराठी टाइप करत असाल तर कीबोर्ड इंग्रजीवर आणून ठेवा. इनस्क्रिप्ट चालू असताना अक्षरं असलेला कोड स्कॅन केला तर `KL` च्या जागी ‘खथ’ उमटतं, आणि मग ‘स्कॅनर बिघडला’ म्हणून दुकानदाराला फोन जातो.

आता दुसऱ्या मोठ्या कारणाकडे येतो. स्कॅनिंगमध्ये तपासला जातो तो कोड, पुडीतला माल तपासला जात नाही. पुडीवरचा कोडच चुकीचा असेल तर यंत्र हसतमुखाने चुकीचा माल पाठवतं. काही वर्षांपूर्वी एका चटणीवाल्यांकडे मी सगळं नीट बसवून दिलं. आवाज वेगळे, पडदा थांबणारा, सगळं. पहिल्या महिन्यात तक्रारी जवळजवळ बंद झाल्या. दुसऱ्या महिन्यात एकाच प्रकारची तक्रार पुन्हा पुन्हा यायला लागली, जवसाची चटणी मागवली आणि कारळ्याची आली. मी गेलो, दोन्ही पुड्या शेजारी ठेवल्या. नव्या छपाईत डिझाइन करणाऱ्याने जवसाच्या पुडीची फाइल उघडून नाव, घटक आणि रंग बदलून कारळ्याची पुडी केली होती. मागच्या बाजूचा बारकोड बदलायचा राहिला. दोन्ही चटण्यांवर तेच तेरा अंक. रॅकवर शेजारी ठेवलेल्या, दोन्ही काळपट, आणि स्कॅनर प्रत्येक वेळी टिंग म्हणत होता. सहा हजार पुड्यांचा तो लॉट होता. प्रत्येक पुडीवर नव्या कोडचं स्टिकर लावावं लागलं. तेव्हापासून मी कुठेही काम सुरू करताना फाइलवर विश्वास ठेवत नाही, रॅकवरच्या मालापासून सुरुवात करतो.

तुमच्याकडे ३४ प्रकार आहेत, हे काम दीड तासाचं आहे. प्रत्येक खान्यातून एक पुडी उचला. जुन्या आणि नव्या छपाईचा माल एकत्र असेल तर दोन्हींतली एकेक घ्या. एक कोरी एक्सेल शीट उघडा आणि पहिली ओळ मथळ्यांसाठी सोडा. ए स्तंभात पुडी बघून हाताने नाव आणि वजन लिहा, बी स्तंभात तीच पुडी स्कॅन करा. मग सी स्तंभाच्या दुसऱ्या ओळीत हे टाका आणि खालपर्यंत ओढा:

```
=COUNTIF(B:B,B2)
```

जिथे उत्तर १ पेक्षा जास्त येईल तिथे तोच कोड दोनदा आलाय. जुन्या-नव्या छपाईची तीच वस्तू असेल तर ठीक. गोडा मसाला १०० ग्रॅम आणि गोडा मसाला २०० ग्रॅम यांना एकच कोड निघाला तर तुमच्या निम्म्या तक्रारींचं मूळ हातात आलं असं समजा. प्रत्येक वजनाला, प्रत्येक प्रकाराला वेगळा क्रमांक हवाच. आपल्याकडे हे क्रमांक जीएस१ इंडिया ही संस्था देते, म्हणून ते ८९० ने सुरू होतात. नवीन क्रमांक येईपर्यंत घरच्या घरी काम भागवायचं असेल तर २० ते २९ ने सुरू होणारे क्रमांक कंपनीच्या अंतर्गत वापरासाठीच राखून ठेवलेले आहेत, त्यांतून तुमचे स्वतःचे कोड करून स्टिकर छापता येतात. फक्त स्टिकर जुन्या बारकोडवर पूर्ण झाकेल असं लावा. शेजारी लावलं तर स्कॅनर कधी हा वाचेल, कधी तो.

शीट करताना बी स्तंभ आधीच ‘टेक्स्ट’ करून घ्या. नाहीतर एक्सेल तेरा अंकी क्रमांक `8.90123E+12` असा दाखवतं, आणि फाइल सीएसव्ही म्हणून जतन केली की खरोखर तेवढंच जतन होतं. पुन्हा उघडल्यावर तो `8901230000000` होतो. एका कंपनीच्या सगळ्या वस्तूंचे सुरुवातीचे अंक सारखेच असतात, त्यामुळे शेवटचे अंक गेले की सगळ्या पुड्यांचा कोड एकच होऊन बसतो. सॉफ्टवेअरमध्ये शेवटी सात शून्यं असलेले कोड दिसले तर माल भरताना हा घोळ झालाय. आपला खरा कोड सापडत नाही म्हणून मुली मग ऑर्डर हाताने ‘पूर्ण’ करत राहतात, आणि तपासणी नावापुरती उरते.

कोड स्वच्छ झाले, आवाज वेगळे झाले, की टेबलावरची रीत बसवायची. एक खरी वाटेल अशी ऑर्डर घेऊ. गोडा मसाला २०० ग्रॅमच्या दोन पुड्या, कांदा-लसूण मसाला ५०० ग्रॅमची एक आणि ‘तीन चटण्या’ हा कॉम्बो एक. कॉम्बोत शेंगदाणा, जवस आणि कारळे, प्रत्येकी १०० ग्रॅम.

पिकिंग करणारा, म्हणजे रॅकवरून ऑर्डरच्या पुड्या काढणारा, क्रेट आणून टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवतो. क्रेटमध्ये पिकलिस्टची चिठ्ठी, तिच्यावर ऑर्डरचा बारकोड. मुलगी आधी ती चिठ्ठी स्कॅन करते, त्यानेच ऑर्डर उघडते. यादीतून नाव शोधून उघडू देऊ नका, कारण दोन पाटील आणि तीन कुलकर्णी रोज असतात. पडद्यावर सहा नग दिसायला हवेत. इथे बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये गडबड असते. कॉम्बो हा एकच नग दाखवला जातो, त्याला वेगळा कोड नसतो, आणि मुलगी तीनपैकी कुठलीतरी चटणी स्कॅन करून पुढे जाते. कॉम्बो टेबलावर जुळवत असाल तर पडद्यावर तो तीन वेगळ्या पुड्या म्हणून उलगडलाच पाहिजे. आधीच बांधून ठेवत असाल तर बाहेरच्या वेष्टनावर कॉम्बोचा स्वतःचा कोड हवा आणि आतल्या पुड्यांचे कोड बाहेरून दिसता कामा नयेत. पारदर्शक पिशवीत बांधलेले कॉम्बो म्हणूनच त्रास देतात.

आता एकेक पुडी उचलायची, स्कॅन करायची, टिंग ऐकू आला की लगेच उजवीकडच्या खोक्यात ठेवायची. हातात एका वेळी एकच पुडी. पहिला गोडा मसाला, टिंग, खोक्यात. दुसरा गोडा मसाला, भोंगा. पडद्यावर येतं की ही १०० ग्रॅमची पुडी आहे, ऑर्डरमध्ये नाही. समोरून दोन्ही सारख्या दिसतात, वजनाचा आकडा खाली कोपऱ्यात बारीक छापलेला. मुलगी ती पुडी लाल ट्रेमध्ये टाकते, कडेचा बारकोड स्कॅन करून पडदा मोकळा करते आणि पिकिंगवाल्याला हाक मारते. स्वतः उठून रॅककडे जायचं नाही, नाहीतर टेबलावर अर्धी ऑर्डर उघडी राहते आणि दुसरी मुलगी तिच्यात हात घालते. योग्य पुडी आली, टिंग. मग कांदा-लसूण, मग तीन चटण्या. सहा टिंग झाले की पडदा हिरवा, आणि तेव्हाच प्रिंटरमधून कुरिअरचं लेबल बाहेर येतं. सहा पुड्यांच्या ऑर्डरला यात पंधरा-वीस सेकंद जास्त लागतात.

हे लेबलाचं मी मुद्दाम शेवटी आणलं, कारण तुमच्याकडची तिसरी चूक तीच आहे. सकाळी पावणेदोनशे लेबलं छापून गठ्ठा ठेवला की तपासणी आणि लेबल यांचा संबंधच तुटतो. स्कॅन न करताही पार्सल जाऊ शकतं, आणि घाईत तसं जातंच. शिवाय दोन खोकी शेजारी असतील तर लेबलांची अदलाबदल होते. ती सगळ्यांत वाईट चूक. दोन्ही ऑर्डरी अगदी बरोबर भरलेल्या, दोन्ही गिऱ्हाइकांकडे चुकीचा माल, आणि एकाचा पत्ता-फोन दुसऱ्याच्या हातात. लेबल हिरव्या पडद्यानंतरच छापलं गेलं तर टेबलावर एका वेळी एकच खोकं आणि एकच लेबल असतं. अदलाबदल व्हायला दुसरं लेबलच नाही. त्यासाठी टेबलाजवळ लहान थर्मल प्रिंटर लागतो, ए४ प्रिंटरवर चार-चार लेबलं छापून कापायची पद्धत इथे चालत नाही.

एखाद्या विक्रीच्या पोर्टलची लेबलं एकदमच उतरवून घ्यावी लागत असतील तर निदान शेवटी एक स्कॅन वाढवा. खोक्यावर लेबल चिकटवून झालं की त्यावरचा कुरिअरचा बारकोड स्कॅन करायचा. तो याच ऑर्डरचा असेल तर ऑर्डर बंद होते, नसेल तर भोंगा. आणि गठ्ठा टेबलावर ठेवू नका, पिकिंगच्या वेळीच ज्याचं लेबल त्याच्या क्रेटमध्ये जाऊ द्या.

इथपर्यंत ‘चुकीची पुडी’ हा प्रकार आटोक्यात येतो. ‘कमी पुडी’ मात्र उरते, कारण बारकोडला पुडी ओळखू येते, पण हीच पुडी मघाशी पाहिली होती की नाही हे कळत नाही. आपल्या दोन गोडा मसाल्यांतला प्रत्येक गोडा मसाला त्याला सारखाच. क्रेटमध्ये एकच आला असेल आणि मुलीने तोच दोनदा स्कॅन केला तर सहा टिंग पूर्ण होतात आणि खोक्यात पाचच पुड्या जातात. हे आळसाने किंवा खोटेपणाने होतं असं समजू नका. पाच-सहा सारख्या पुड्या असल्या की एक हातात धरून पाच वेळा मारणं हे हाताला सहज सुचतं, वर वेळही वाचतो. काही सॉफ्टवेअर तर एकदा स्कॅन करून नगांचा आकडा टाइप करू देतात. ती सोय बंद करा.

डावीकडून उजवीकडे, एकेक पुडी, टिंगनंतरच खोक्यात, या रीतीने हे बरंच कमी होतं, कारण स्कॅन झालेली पुडी हातात उरतच नाही. ऑर्डर हिरवी झाली आणि क्रेटमध्ये अजून पुडी आहे, किंवा क्रेट रिकामा झाला आणि पडदा अजून एक मागतोय, तर कुठेतरी गडबड आहे हे तिथल्या तिथे दिसतं. टेबलावर उभा ठेवायचा, हाताने धरावा न लागणारा स्कॅनर असेल तर दोन्ही हात मोकळे राहतात आणि ही रीत पटकन अंगवळणी पडते. त्या स्कॅनरमध्ये तोच कोड पुन्हा वाचण्याआधी किती वेळ थांबायचं याचं सेटिंग असतं. ते फार कमी असेल तर पुडी समोर रेंगाळली की एकीच्या दोन मोजल्या जातात. हळू काम करणाऱ्या नव्या मुलीकडून प्रत्येक स्कॅन एकदाच लागतो ना, ते करून बघा.

पण पक्की खात्री हवी असेल तर काटा लागतो. कुरिअरसाठी वजन तुम्ही करतच असाल, तोच काटा लेबल छापण्याआधी आणा. प्रत्येक वस्तूच्या दहा पुड्या पाकिटासकट वजन करून सरासरी नोंदवा. समजा २०० ग्रॅमची पुडी पाकिटासह २०८ ग्रॅम भरते, ५०० ची ५१४ आणि चटणीची १०५. आपल्या ऑर्डरचं वजन झालं ४१६ अधिक ५१४ अधिक ३१५, आणि खोकं, कागद, टेप मिळून १४५. एकूण १,३९० ग्रॅम. एक गोडा मसाला राहिला तर काटा १,१८२ दाखवेल. कागद कमी-जास्त होतो म्हणून थोडी सूट ठेवावी लागते. किती, ते अंदाजाने ठरवू नका. बरोबर भरलेली वीस खोकी वजन करा आणि हिशेबापेक्षा किती इकडे-तिकडे होतात ते बघा. तुमच्या मालाला ४० ग्रॅमच्या आसपास पुरेल असं वाटतं, आणि तुमची सगळ्यांत लहान पुडी त्याच्या दुपटीहून जड आहे, म्हणून ही तपासणी तुमच्याकडे चालेल.

काट्याची मर्यादाही ध्यानात ठेवा. २०० ग्रॅम गोडा मसाल्याच्या जागी २०० ग्रॅम काळा मसाला गेला तर काट्याला काही कळत नाही, ते स्कॅनरने पकडायचं. आणि एक पुडी दोनदा स्कॅन झाली तर स्कॅनरला कळत नाही, ते काट्याने पकडायचं. तुम्ही भेट म्हणून दहा ग्रॅमची नमुना पुडी घालत असाल तर ती राहिली हे दोघांनाही कळणार नाही. तिला कोडचं स्टिकर लावून ऑर्डरच्या यादीत आणा, किंवा तिची तपासणी होत नाही हे मान्य करा. वीस-पंचवीस पुड्यांच्या मोठ्या ऑर्डरीत प्रत्येक पुडीचे दोन-तीन ग्रॅम साठून फरक वाढतो. तिथे काटा कुरकुरला तर खोकं उघडून मोजावं.

तुमच्याकडे मसाले आहेत म्हणून छपाईबद्दल सांगतो. मसाल्याच्या पुडीला लाल, केशरी, तपकिरी रंग हमखास असतो, आणि डिझाइनमध्ये शोभतं म्हणून बारकोडच्या रेघाही त्याच रंगात छापल्या जातात. बहुतेक स्कॅनरचा प्रकाश लाल असतो. लाल प्रकाशात लाल किंवा केशरी रेघ पांढऱ्या कागदासारखीच उजळ दिसते. आपल्या डोळ्याला बारकोड ठसठशीत, स्कॅनरला कोरी जागा. तपकिरी रेघाही त्याच कारणाने दगा देतात. काळ्या रेघा पांढऱ्यावर हव्यात, आणि दोन्ही बाजूंना मोकळी पट्टी हवी. मूळ मापाच्या बारकोडला डावीकडे साडेतीन मिलिमीटरहून थोडी जास्त आणि उजवीकडे सव्वादोनपेक्षा जास्त. डिझाइनरला तिथे शाकाहाराचं चिन्ह किंवा घडीची रेघ आणू देऊ नका. लोणच्याच्या लहान बरणीवर रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या येतील असा बारकोड फिरवा, म्हणजे वळणावर त्याच्या कडा लपत नाहीत.

हे महत्त्वाचं अशासाठी की न वाचला जाणारा बारकोड ही सगळी पद्धत मोडायला शिकवतो. पुडी तीनदा फिरवूनही वाचली गेली नाही की मुलगी कोड हाताने टाइप करते. मग टाइप करायचाही कंटाळा येतो, आणि एक दिवस टेबलावर पुठ्ठ्याला चिकटवलेले पाच-सहा बारकोड दिसतात, ‘हे वाचत नाहीत ना, म्हणून कापून ठेवलेत’. त्या क्षणापासून त्या पाच वस्तूंची तपासणी संपली, कारण स्कॅन होतोय तो पुठ्ठा, हातातली पुडी नाही. असा पुठ्ठा मी दोन ठिकाणी काढून घेतलाय आणि दोन्हीकडे मुलींचा काहीही दोष नव्हता. त्यांना न वाचणारा माल देऊन वेग मागितला जात होता. नियम असा ठेवा की पुडी दोनदा वाचली नाही तर लाल ट्रेमध्ये टाकायची आणि दुसरी घ्यायची. दुपारी लाल ट्रेमधल्या पुड्यांवर नवीन स्टिकर लावायचं काम एकीने करायचं. हाताने टाइप करण्याची मुभा फक्त एकीच्या लॉगिनला, आणि प्रत्येक वेळी कोणती पुडी, का, याची नोंद.

पुडीवरच्या साध्या तेरा अंकी बारकोडमध्ये बॅच नसते, तारीख नसते, छापील किंमतही नसते. मार्चचा आणि ऑगस्टचा गोडा मसाला त्याला एकच. म्हणून मुदत संपत आलेली पुडी हे टेबल पकडणार नाही. ते रॅकवरच सांभाळायचं, जुना माल पुढे आणि नवा मागे, आणि एका खान्यात दोन बॅच मिसळू द्यायच्या नाहीत.

सगळं बसल्यावर ते चालतंय की नाही हे तक्रारींवरून ओळखू नका, त्या आठ-दहा दिवस उशिरा येतात. आठवड्यातून दोनदा पिकिंगवाल्याला सांगून एका क्रेटमध्ये मुद्दाम चुकीची पुडी घाला, एकदा एक पुडी कमी ठेवा. कोणत्या क्रेटमध्ये ते फक्त तुम्हा दोघांना माहीत. ती खोकी टेप लागण्याआधी थांबली पाहिजेत. एखादं थांबलं नाही तर कुणावर ओरडू नका. तीच ऑर्डर त्याच मुलीला पुन्हा करायला सांगा आणि शेजारी उभं राहून तिचे हात बघा.

आणि भोंगा किती वेळा वाजला, कोणत्या पुडीच्या जागी कोणती आली होती, याची नोंद सॉफ्टवेअर ठेवत असेल तर दर शनिवारी ती काढा. एकही भोंगा नाही असा आठवडा दिसला तर आनंद मानायच्या आधी स्पीकर चालू आहे का ते बघा, कारण ३४ सारख्या दिसणाऱ्या पुड्यांत पिकिंगवाला आठवडाभर एकदाही चुकणार नाही हे होत नाही. नोंदीत जोड्या दिसायला लागतील. गोडा १०० आणि गोडा २००, काळा आणि कांदा-लसूण, जवस आणि कारळे. ज्या जोडीवर सर्वांत जास्त भोंगे, त्या दोन पुड्यांचे खाने रॅकवर एकमेकांपासून लांब हलवा, मधे लोणच्याची बरणी किंवा पापडाचं पाकीट येऊ द्या. चटणीवाल्यांकडे स्टिकरं लावून झाल्यावर आम्ही कारळ्याची चटणी रॅकच्या दुसऱ्या टोकाला नेली, तेव्हा कुठे त्या जोडीचे भोंगे थांबले.